बेळगाव ते मथुरा, सात माणसं आणि एक तक्ता

फेब्रुवारीत आम्ही घरची मंडळी बेळगावहून मथुरा-वृंदावनला जाऊन आलो. आई-बाबा, आम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून चढणारी माझी बहीण. गाडी गोवा एक्सप्रेस, १२७७९. वास्कोहून दुपारी निघते, लोंढ्यावरून संध्याकाळी उशिरा बेळगावात येते आणि मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, आग्रा करत मथुरेला व पुढे हजरत निजामुद्दीनला जाते. गाडी बदलावी लागत नाही, म्हणून वयस्क माणसांबरोबर आपल्या भागातून उत्तरेकडे जायला मला ही सोयीची वाटते. देवदर्शनाचं वर्णन इथे करत नाही. ज्या तक्त्यावर आमचा प्रवास पार पडला तो कसा करायचा, एवढंच लिहितो, कारण खानापूर, निपाणीकडच्या नातेवाइकांनी तोच मागितला.

तक्ता करताना सगळे आधी वेळा लिहायला घेतात. माझं म्हणणं, पहिला रकाना तारखेचा आणि वाराचा असावा. दोन रात्रींच्या प्रवासात तास-अर्धा तास मागेपुढे झाला तर निभावतं, पण तारीख चुकली की तिकीटच वाया जातं. आमचा तक्ता असा होता. वेळा मुद्दाम ढोबळ देतोय. वेळापत्रक बदलत असतं, त्यामुळे तुमच्या तारखेच्या वेळा एनटीईएस ॲपवरून किंवा १३९ वर विचारूनच भरा.

| वार, तारीख | स्टेशन | सुमारे वेळ | काय करायचं |
|---|---|---|---|
| शुक्र. २० | बेळगाव | रात्री साडेआठ | चढणे. घरून सव्वासातला निघणे |
| शुक्र. २० | मिरज | रात्री अकरा | कुणी उतरायचं नाही |
| शनि. २१ | पुणे | पहाटे चार-साडेचार | ताई चढणार. इंजिन दुसऱ्या टोकाला |
| शनि. २१ | भुसावळ | दुपारी दीड | जेवण, पाणी |
| शनि. २१ | भोपाळ | रात्री आठ | रात्रीचं जेवण इथेच |
| रवि. २२ | आग्रा कँट | पहाटे साडेतीन | सगळ्यांना उठवणे |
| रवि. २२ | मथुरा | पहाटे साडेचार | उतरणे |

यात तारखेचे दोन खड्डे आहेत. पहिला पुण्याचा. आम्ही शुक्रवारी निघालो आणि ताई त्याच गाडीत चढणार, म्हणून तिचं तिकीटही शुक्रवारचंच, असं घरात सगळे धरून चालले होते. पण गाडी पुण्यात पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. पुण्याहून चढणाऱ्याच्या तिकिटावर २१ तारीखच हवी. २० तारखेचं तिकीट काढलं असतं तर ते आदल्या दिवशी वास्कोहून निघालेल्या गाडीचं झालं असतं आणि ती गाडी ताई स्टेशनवर पोहोचायच्या चोवीस तास आधीच पुणं सोडून गेली असती.

दुसरा खड्डा मथुरेचा. 'शनिवारी रात्री पोहोचतो' असं तोंडी बोलायला ठीक आहे, पण धर्मशाळेला कळवताना रविवार पहाट असंच सांगावं लागतं. त्यातही खोली रविवार दुपारपासूनची घेतली तर पहाटे पाचला सामान घेऊन ओसरीवर बसायची पाळी येते. पहाटे आत घेणार का, हे आधी फोन करून विचारायचं आणि उत्तर तक्त्यातच लिहून ठेवायचं.

आता तिकिटं. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं आणि ही मोजणी गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून सुटते त्या तारखेपासून होते. म्हणून आमचं आणि ताईचं, दोन्ही तिकिटं २२ डिसेंबरलाच उघडली. सुरुवातीच्या वेळेत आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच ऑनलाइन बुकिंग होतं, ते काम आधी उरकून ठेवा.

एका पीएनआरवर सहा माणसं बसतात, पण आम्ही सहाजणांचं एकच तिकीट काढलं नाही. त्याला कारण आहे. ज्येष्ठांसाठीचा लोअर बर्थचा कोटा पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ वर्षांपासून मिळतो, पण त्या तिकिटावर एकटा किंवा फार तर दोनच प्रवासी असावे लागतात आणि दोघंही त्या वयात बसणारे असावे लागतात. नातवंडांचं नाव त्याच तिकिटावर आलं की हा हक्क गेला. बाबांच्या गुडघ्यांना मधल्या बर्थवर चढणं शक्य नाही. म्हणून आई-बाबांचं तिकीट वेगळं, आमचं चौघांचं वेगळं आणि ताईचं पुण्याहून वेगळं, असे तीन पीएनआर झाले. मुलगा आठ वर्षांचा. पाच ते बारा वयाच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं भाडं पडतं, पण दोन रात्री त्याला कुशीत घेऊन झोपणं कुणालाच झेपलं नसतं, म्हणून पूर्ण भाडं भरून बर्थ घेतला.

तिकीट वेगळं काढलं की लोअर बर्थ मिळतो, पण डबा वेगळा येऊ शकतो. आमचं तेच झालं. आई-बाबांना थ्री टायर एसीत बी ४ मध्ये १२ आणि १७, आम्हाला बी २ मध्ये ३४, ३५, ३७ आणि ३९. इथे बर्थ नंबराचं गणित यायलाच हवं. स्लीपर आणि थ्री टायर एसीत आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. नंबराला आठाने भागायचं. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ म्हणजे साइड लोअर आणि बाकी शून्य म्हणजे साइड अपर.

म्हणजे बाबांचा १२ लोअर आणि आईचा १७ सुद्धा लोअर. पण १२ हा ९ ते १६ च्या कप्प्यातला आणि १७ पुढच्या कप्प्यातला. दोघांमध्ये भिंत. मग घरीच बसून ठरवलं की डब्यात गेल्यावर कुणाला काय विचारायचं. बाबांच्या समोरचा लोअर म्हणजे ९. आईचा १७ देऊन ९ मागायचा. लोअरच्या बदल्यात लोअर म्हटल्यावर समोरच्याचं काही जात नाही. मग त्याच कप्प्यातला १३, म्हणजे मधला, मागायचा आणि त्या बदल्यात आमचा बी २ मधला ३७ द्यायचा, तोही मधलाच. ९ वरचे काका लगेच उठून गेले. १३ वरचा मुलगा एकटाच होता, आपली बॅग उचलून तोही बी २ मध्ये गेला. मी आई-बाबांच्या वर झोपलो. 'कुणीतरी ॲडजस्ट करा हो' असं डबाभर विचारत फिरण्यापेक्षा नेमका नंबर सांगून त्याच जातीचा बर्थ देऊ केला की माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. अदलाबदल झाली की टीटीईला तेवढं सांगायचं.

म्हणून बर्थचा तक्ता वेगळ्या कागदावर करायचा: नाव, पीएनआर, डबा, नंबर, प्रकार आणि शेवटी 'कुणाशी बदलायचा'. हा शेवटचा रकाना बहुतेकांच्या कागदावर नसतो.

फलाटाचा रकाना पेन्सिलीने भरायचा. ॲपवर दिसणारा नंबर अपेक्षित असतो, अखेरचा शब्द स्टेशनवरच्या घोषणेचा. बेळगावात घोषणा कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत होतात. बाबांना ऐकायला कमी येतं म्हणून त्यांच्या हातात मोठ्या अक्षरांतली मराठी प्रत दिली होती. गाडीचा नंबर १२७७९ त्यावर ठळक लिहिला होता, म्हणजे बोर्डावर तेवढा नंबर ओळखला की झालं. घरून निघायच्या वेळेत टिळकवाडीचं रेल्वे गेट धरायला विसरू नका. रात्रीच्या गर्दीत गेट पडलं तर पंधरा मिनिटं तिथेच जातात.

डबा कुठे उभा राहणार हेही फलाटाइतकंच महत्त्वाचं. पुण्यात गाडीची दिशा बदलते. मिरजेची लाइन आणि दौंडची लाइन दोन्ही पुण्याच्या घोरपडीकडच्या बाजूने येतात-जातात, त्यामुळे गाडी ज्या बाजूने आली त्याच बाजूने परत निघते आणि इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. बेळगावात इंजिनाजवळ असलेला डबा पुण्यानंतर शेपटीकडे जातो. म्हणून ताईला डब्यांचा क्रम बेळगावच्या हिशेबाने सांगितला नव्हता. पुण्याच्या फलाटावरच्या डिजिटल पाट्यांवर डब्याचा नंबर पाहून उभी राहा, एवढंच कळवलं. मथुरेला न्यायला येणाऱ्या रिक्षावाल्यालाही 'इंजिनापासून अमुक डबा' असं सांगू नका, जिन्याजवळ थांबायला सांगा. पुण्यात मुलं दचकून जागी झाली आणि गाडी परत बेळगावला निघाली की काय म्हणून विचारू लागली. वयस्क माणसंही गोंधळतात, तेव्हा हे आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

थांब्यांचा माझा नियम सोपा आहे. वेळापत्रकात पाच मिनिटांपेक्षा कमी थांबा दिसला की फलाटावर कुणी पाय ठेवायचा नाही. घटप्रभेसारखे छोटे थांबे त्यात आले. मोठ्या थांब्यावरही पूर्ण वेळ मिळेल असं धरू नका, कारण गाडी उशिरा धावत असली की थांबा आखडता घेतला जातो. पाणी आणायला एकानेच उतरायचं, तेही आपल्या डब्याच्या दारासमोर. जेवण ई-केटरिंगवरून मागवायचं तर पीएनआर घालावा लागतो आणि डबा-बर्थ त्यावरूनच जातो. अदलाबदल केली असेल तर फोन करून नवा नंबर कळवा, नाहीतर पोळीभाजी भलत्याच कप्प्यात पोहोचते.

पहाटे उतरायचं असलं की गजरावर विसंबू नये. उशीर झाला तर गजर उगाच सगळ्यांना उठवतो, आणि मग परत झोप लागली की पंचाईत. त्यासाठीच तक्त्यात आग्रा कँटची ओळ आहे, आम्ही तिथे उतरणार नसतानाही. आग्र्यापासून मथुरा साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गाडी आग्र्याला थांबली की उठवायचं, आवरायला पाऊण तास मिळतो. आपल्या स्टेशनच्या आधीचा मोठा थांबा तक्त्यात असलाच पाहिजे. १३९ वर डेस्टिनेशन अलर्टही लावता येतो, तो जोडीला ठेवा.

परतीची गाडी १२७८०. मथुरेहून बुधवारी संध्याकाळी बसलो. गुरुवारी संध्याकाळच्या सुमारास पुणं, रात्री मिरज आणि मध्यरात्र उलटल्यावर बेळगाव. न्यायला येणाऱ्या भाच्याला 'गुरुवारी रात्री ये' असं कळवलं नाही. 'शुक्रवार, २७ तारीख, पहाटे दोन. गुरुवारी जेवून झोप, गाडीने मिरज सोडलं की फोन करतो' असा मेसेज टाकला. मिरजेहून बेळगावला यायला गाडीला अडीच-तीन तास लागतात, तेवढ्यात त्याला उठून वडगावातून यायला सवड होती.