तक्त्याचा फोटो गेला, वहीतलं नेटवर्क राहिलं

गावच्या पाणीपुरवठ्याचं काम होतं. विहिरीशेजारी छोटं पंपघर आणि तिथून टाकीपर्यंत ६०० मीटर पाइपलाइन. आमच्या सरांनी ऑफिसातल्या फळ्यावर कामांचा तक्ता लिहिला होता: कोणतं काम, कशानंतर, किती दिवस. मी त्याचा फोटो काढला, त्यावरून वहीत नेटवर्क काढलं, आणि दोन दिवसांनी विहिरीवर पातळी घेताना फोन पाण्यात गेला. फोटोची दुसरी प्रत नव्हती. फळा तोवर पुसला होता. सरांना फोन केला तर म्हणाले, "अंदाजे सांगतो, पण अंदाजावर खात्याला कार्यक्रम देऊ नकोस. तुझ्या वहीत काय आहे ते बघ."

वहीत आठ गोल होते, बाण होते, बाणांवर कामांची नावं होती. दिवस मात्र मी लिहिलेच नव्हते, फोटो समोर होता म्हणून. पण प्रत्येक गोलात दोन आकडे भरलेले होते. डावीकडे तिथे लवकरात लवकर कधी पोचू, उजवीकडे उशिरात उशिरा कधी पोचलं तरी चालेल. १, २, ३, ५, ६, ७, ८ या गोलांत दोन्ही आकडे सारखे होते: ०, २, ५, १९, ३३, ३८, ४१. फक्त गोल ४ मध्ये १४ आणि २९.

शेवटच्या गोलात ४१, म्हणजे एकूण मुदत ४१ कामाचे दिवस, रविवार सोडून. तेवढं लगेच कळलं. पण सोमवारी काम सुरू होणार होतं आणि खात्याचे साहेब विचारणार होते की कोणतं काम लांबलं तर मुदत लांबेल. त्याला बाणांवरचे दिवस हवेत. म्हणून मी उलटं गणित मांडायला बसले.

ज्या गोलात एकच बाण येतो तिथे लपवायला काहीच नसतं. गोल २ मध्ये फक्त आखणी-साफसफाईचा बाण येतो, तेव्हा ती २ दिवस. पायाची खोदाई २ पासून ३ पर्यंत, ५ उणे २ म्हणजे ३ दिवस. पाया, जोते आणि भिंती ३ ते ५, म्हणजे १४. चाचणी ७ ते ८, ३ दिवस.

जिथे दोन बाण येतात तिथे डावा आकडा त्यांतल्या उशिरा पोचणाऱ्याचा असतो, दुसऱ्याबद्दल तो गप्प बसतो. पण उजवा आकडा उलट दिशेने काढलेला असतो, म्हणून गोलातून एकच बाण बाहेर जात असेल तर त्याचे दिवस तिथे सापडतात. गोल ४ मधून फक्त पाइप टाकण्याचा बाण गोल ७ कडे जातो. उजवे आकडे ३८ आणि २९, फरक ९. पाइप टाकायला ९ दिवस. तसंच गोल ५ मधून फक्त स्लॅबचा बाण निघतो: ३३ उणे १९, १४ दिवस. गोल ६ मधून फक्त पंप बसवणं आणि वीजजोडणी: ३८ उणे ३३, म्हणजे ५.

स्लॅबचे १४ दिवस मी साइटच्या हिशेबाशीही ताडून पाहिले. सेंटरिंगला ५, सळईला २, ओतायला १. पुढे टेकू काढेपर्यंत ७ दिवस, कारण गाळा साडेचार मीटरच्या आतला आहे आणि आयएस ४५६ त्याला निदान ७ दिवस सांगतं. त्या सातांत एक रविवार पडतो, म्हणून कामाचे ६. बेरीज १४. बरं वाटलं.

गोल ४ ने मात्र घाम फोडला. त्यात चर खोदण्याचा बाण गोल २ कडून येतो आणि गोल ३ कडून एक डमी, म्हणजे नुसता क्रम दाखवणारा बाण, कारण पाइप पायाखालून जातो आणि पाया खोदल्याशिवाय टाकता येत नाही. डमीचे दिवस शून्य, ती दिवस ५ लाच पोचते, तेव्हा डावा आकडा चरीचाच. पण पेन्सिल पुसटली होती. तो १४ आहे की १९? चर १२ दिवसांची की १७ दिवसांची? दोन्ही धरून पुढे मोजून पाहिलं आणि एकूण मुदत दोन्ही वेळा ४१ च आली. जे काम क्रिटिकल पाथवर, म्हणजे मुदत ठरवणाऱ्या कामांच्या साखळीत, नाही त्यातली चूक बेरजेत दिसत नाही, हे तेव्हा पक्कं समजलं. मग मुकादमांना विचारलं, "दादा, या मुरमात दिवसाला किती चर निघेल?" ते म्हणाले, "पन्नास मीटर धरा, ताई." ६०० मीटरला १२ दिवस. म्हणजे १४ च.

आता एकच बाण उरला, १ पासून थेट ६ पर्यंत: पंप आणि पॅनेल मागवणं. गोल ६ मध्ये स्लॅबही येतो आणि ३३ त्यानेच गाठलेत. गोल १ मधून आखणीही निघते आणि तिथलं शून्य आखणीमुळे आहे. दोन्हीकडून या बाणाला झाकणारं दुसरं काम होतं. कितीही आकडेमोड केली तरी निघतं ते एवढंच की पंप ३३ दिवसांच्या वर नाही. ३३ असेल, ३० असेल, १० ही असेल, गोलांतले सगळे आकडे तसेच राहतात.

इथे मी चुकणार होते. गोल १ आणि गोल ६, दोन्हींत डावा-उजवा आकडा सारखा, म्हणून मी त्या बाणावरही लाल पेन फिरवायला घेतलं होतं. पण दोन्ही टोकं क्रिटिकल असली तरी मधलं काम क्रिटिकल ठरत नाही. टोकांतला फरक आणि कामाचे दिवस तंतोतंत जुळले तरच ठरतं. त्यामुळे लाल रेषा १-२-३-५-६-७-८ अशी ओढली: २, ३, १४, १४, ५, ३, बेरीज ४१. पंपाचा बाण मोकळा ठेवला.

ती माहिती वहीत नव्हतीच, म्हणून पंपवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "ॲडव्हान्स मिळाल्यापासून पाच आठवडे, मॅडम." ३५ दिवस ऐकून क्षणभर पोटात गोळा आला, कारण ३५ हे ३३ च्या वर जातात. मग लक्षात आलं, त्यांचे दिवस कॅलेंडरचे, माझे कामाचे. पाच आठवड्यांचे कामाचे दिवस ३०. म्हणजे फ्लोट ३ दिवसांचा. चरीला आणि पाइपला मिळून १५ दिवसांची मोकळीक आहे, त्या मानाने पंपाला फारच थोडी.

सर परत आल्यावर त्यांना वही दाखवली. त्यांनी पंपाच्या बाणावर बोट ठेवून विचारलं, "ॲडव्हान्स चार दिवस उशिरा गेला तर?" ४ आणि ३० मिळून ३४, स्लॅबच्या पुढे एक दिवस. पंप बसवणं ३९ ला संपेल, चाचणी ४२ ला, आणि लाल रेषा स्लॅबवरून उठून १-६-७-८ वर जाईल. मग स्लॅब एक दिवस लवकर उरकूनही काही उपयोग नाही. त्यांनी मान डोलावली आणि हिशेबनीसांना बोलावलं. काम सोमवारी सुरू झालं, ॲडव्हान्स बुधवारी सकाळी गेला. २ आणि ३० म्हणजे ३२, एक दिवस अजून हातात होता.