कर कटावरी, पण रशियनमध्ये

त्या सकाळी पहिलं कडवं बसलं, असं मी धरूनच चाललो होतो. तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान’ रशियन पद्यात न्यायचा होता आणि तीन आठवडे मी त्याच चार चरणांभोवती फिरत होतो.

‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां.’ सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. आपल्याला ही अक्षरं मोजावी लागत नाहीत, टाळ ती मोजून देतात. रशियन कानाला मात्र नुसती अक्षरसंख्या ऐकूच येत नाही. तिथे प्रत्येक शब्दात एकाच अक्षरावर जोरदार आघात पडतो आणि बाकीचे स्वर दबतात. सतराव्या शतकात रशियन कवी अक्षरं मोजूनच लिहीत. १६८० साली छापलेलं सिमेओन पोलोत्स्कीचं, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या पद्यरूपाचं पुस्तक तसंच आहे. पण १७३० च्या दशकापासून छंद आघातांच्या क्रमावर उभा राहू लागला आणि कान कायमचा तिकडे वळला. म्हणून मी अक्षरसंख्याही राखली आणि आघातही बसवले: एक जड, एक हलकं, या क्रमाने. या चालीला रशियनमध्ये ‘ख़रेय’ म्हणतात आणि त्यांच्या लोकगीतांना ती जवळची आहे. सहा अक्षरांत आघाताच्या तीन जागा, चारांत दोन. शेवटचा चरण अभंगासारखाच आखूड राहून थांबतो.

त्या शेवटच्या चरणासाठी मला एक शब्द सापडला होता: ‘पद्बचेन्यस’. अर्थ, कमरेवर हात ठेवून. मोजून चार अक्षरं, तिसऱ्यावर आघात, आणि ‘ठेवोनियां’सारखंच पूर्वकालवाचक धातुसाधित. असा शब्द भाषा एकदाच हातात ठेवते, असं मला वाटलं होतं.

दुपारी आमच्या संपादक बाईंना फोनवर कडवं म्हणून दाखवलं. त्या रशियन, स्वतः कवयित्री. मराठी त्यांना येत नाही, पण कवितेचा कान असा की एक आघात चुकला तर मधेच थांबवतात. मी पहिले तीन चरण म्हटले. त्या गप्प. ‘पद्बचेन्यस’ म्हणालो आणि त्यांनी विचारलं, “हे कोणाशी भांडायला उभे आहेत?”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं, या शब्दाबरोबर डोळ्यांसमोर येते कंबरेवर हात खोचून शेजारणीला आव्हान देणारी बाई, नाहीतर नाचायला उतरणारा फुशारकीखोर तरुण. “तुमचा देव असा आहे का?”

नाही. तो पुंडलिकाने ‘थांब’ म्हटलं म्हणून थांबलेला आहे. माझ्या शब्दात अर्थ होता, छंद होता, व्याकरणाचं रूपसुद्धा होतं. फक्त मूर्ती दुसरी उभी राहिली होती.

‘हात कमरेवर’ असं सरळ शब्दांत म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, ही शाळेतल्या कवायतीची आज्ञा झाली. कंबरेचा उल्लेख गाळून नुसतं ‘शांत उभा’ करा, असंही त्यांनी सुचवलं. ते मला मान्य नव्हतं आणि का, ते मी त्यांना सांगितलं. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकात या हातांचा अर्थ दिला आहे: माझ्या भक्तांसाठी भवसागर एवढाच खोल आहे, हे दाखवायला त्याने कंबर धरली आहे. त्या हातांत सगळ्या भक्तांचं अभय आहे. बाईंना ते फार आवडलं, पण लगेच त्यांनी सावधही केलं. रशियनमध्ये ‘गुडघ्याएवढा समुद्र’ हा वाक्प्रचार बेपर्वा माणसासाठी, बहुतेकदा दारूच्या नशेतल्या माणसासाठी वापरतात. तेव्हा समुद्राचं नाव काढायचं नाही. हात मात्र ठेवायचे.

संध्याकाळपर्यंत हे जमलं:

दीव्येन एतत ओब्रस,
ना किर्पीच स्तुपीफ्शी,
रूकि प्रिलझीफ्शी
क् स्तानु तीख़ा.

‘अद्भुत ही मूर्ती, विटेवर पाऊल ठेवलेली, कटीला हळुवार हात लावलेली.’ ‘स्तान’ हा कमरेसाठीचा जुना, काव्यातला शब्द; तो कवायतीत येत नाही. ‘तीख़ा’, म्हणजे शांतपणे, हा शब्द तुकोबांचा नाही. मी तो घातला, कारण त्याच्यावाचून रशियन वाचकाच्या मनात ते हात परत भांडायला उठले असते. ध्यानासाठी ‘ओब्रस’ घेतला. त्याचा एक अर्थ पूजेतली प्रतिमा असा आहे, म्हणजे पाहायचं रूप आणि भजायचं रूप एकाच शब्दात आलं. विटेऐवजी ‘दगड’ घेता आला असता, पण दगडावर उभं राहणं म्हटलं की त्या वाचकाला बायबलमधला पेत्र आठवतो, ज्याच्या नावाचाच अर्थ खडक. वीट ती वीटच राहिली. तोटा एवढाच की ‘स्तुपीफ्शी’ पाऊल टाकण्याचा क्षण सांगतो, ‘उभे’मधलं युगानुयुगांचं थांबणं सांगत नाही. यमकाने ते नेलं. त्याची टोचणी मला अजून आहे.

बाईंनी कडवं स्वतः म्हणून पाहिलं आणि शेवटचं कडवं मागितलं: ‘तुका म्हणे माझें / हेंचि सर्व सुख / पाहीन श्रीमुख / आवडीनें.’

इथे ‘पाहीन’ने अडवलं होतं. रशियनमध्ये भविष्यकाळ निवडतानाच ठरवावं लागतं की एकदा पाहून झालं, की पाहतच राहायचं. मराठी ‘पाहीन’ दोन्ही पोटात घेते. तुकोबांचं पाहणं संपणारं नाही, म्हणून मी दुसरं घेतलं. आणि तिथे ‘ल्युबवात्सा’ हे क्रियापद भेटलं. त्याचा अर्थ आवडीने पाहत राहणं आणि त्याचं आणि ‘ल्युबोफ़’चं, म्हणजे प्रेमाचं, मूळ एकच. ‘पाहीन’ आणि ‘आवडीनें’ एकाच शब्दात. ‘बूदु ल्युबवात्सा’, मोजून सहा अक्षरं. पुढे ‘एतिम लीकम’, चार. ‘लीक’ म्हणजे पवित्र मुख, श्रीमुखच.

आता ‘सर्व सुख’ला यमक हवं होतं. बाईंनी पटकन ‘बगात्स्त्वा’ सुचवला. ध्वनी जवळ, छंद बरोबर, आणि शब्दाच्या मुळाशी ‘बोग’, म्हणजे देव. आपल्या ‘भग’ आणि ‘भगवान’चा तो भाषिक नातेवाईक. मोह मोठा होता. पण त्याचा अर्थ आहे संपत्ती. “तुमचें येर वित्त धन, तें मज मृत्तिकेसमान,” असं म्हणणाऱ्याच्या तोंडी मी ‘हीच माझी संपत्ती’ कशी घालू? मी त्यांना ती ओळ अर्थासह ऐकवली. त्यांनी शब्द मागे घेतला आणि म्हणाल्या, “मग यमक अर्धं सोडा. स्वर जुळला तरी कान मानेल.”

तूका मोल्वित: व् एतम
फ्स्यो मयो इ श्शास्त्ये,
बूदु ल्युबवात्सा
एतिम लीकम.

‘श्शास्त्ये’, म्हणजे सुख. ‘श्शास्त्ये’ आणि ‘ल्युबवात्सा’: फक्त आघाताचा ‘आ’ जुळतो. बाईंनी ते दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी शेवटच्या आखूड चरणाआधी त्या आपसूक थांबल्या, जिथे आपल्याकडे टाळ पडतो.