फाइलीतले ‘व्यसन : नाही’

गरोदरपणाच्या नवव्या आठवड्यात पुण्यातल्या एका रुग्णालयात नाव नोंदवायला गेले, तेव्हा मी दिवसाला सहा-सात सिगारेटी ओढत होते. काउंटरवरच्या बाईंनी वय आणि जुने आजार विचारले, आणि ‘व्यसन’ या रकान्यात माझ्याकडे न पाहताच ‘नाही’ लिहून टाकले. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. मीही गप्प राहिले. पुढच्या प्रत्येक तपासणीत तो ‘नाही’ माझ्याआधी डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचत असे, आणि मग कोणी काही विचारतच नसे.

नोंदणीनंतरच्या पाच आठवड्यांत मी स्वतःच्या मनाने सहाच्या तीन केल्या. एकदम सोडल्यास बाळाला धक्का बसतो, असे एका ओळखीच्या बाईने सांगितले होते, आणि मला ते सोयीचेही वाटले. पण उरलेल्या तीन सिगारेटी मी इतक्या खोल झुरक्यांनी ओढत होते की कमी केल्याचा फारसा उपयोग होत नव्हता.

चौदाव्या आठवड्यात अखेर मी डॉक्टर मॅडमना म्हटले, “दोन मिनिटे एकटीशी बोलाल का?” त्यांनी सासूबाईंना वजनाची नोंद आणायला बाहेर पाठवले. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट घट्ट चिकटतो आणि निकोटिनमुळे वारेकडचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून बाळाचे वजन कमी भरते, दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते, वार वेळेआधी सुटूही शकते, हे त्यांनी सांगितले. एकदम सोडण्याने बाळाला धोका नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. आधी औषधाविना, समुपदेशनाने सोडायचे. न जमल्यास त्यांच्या देखरेखीखाली कमी मात्रेची निकोटिनची गोळी चघळायची, कारण तिच्यात निकोटिन असले तरी धूर नसतो. सिगारेट सोडण्यासाठी एरवी देतात त्या बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या गरोदरपणात त्या देत नाहीत. समुपदेशनासाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत क्रमांक त्यांनीच लिहून दिला.

मला दोन मिलिग्रॅमची गोळी लागली. चिठ्ठी दाखवूनही औषध दुकानदाराने पोटाकडे पाहून हात आखडता घेतला आणि मॅडमना फोन लावल्यावरच ती दिली. ती च्युइंगगमसारखी सतत चघळली तर मळमळते. तोंडात झिणझिण्या आल्या की ती गालात दाबून ठेवायची, आणि चहा त्याआधी पंधरा मिनिटे घ्यायचा नाही, हे मला दोनदा उलटी झाल्यावर कळले.

प्रसूतीनंतर रात्रीच्या जागरणात पुन्हा एक सिगारेट ओढली गेली. मी घाबरून बाळाला वरचे दूध सुरू करायला निघाले होते, पण मॅडम म्हणाल्या की अंगावरचे दूध बंद करायचे नाही. ओढलीच, तर पाजून झाल्यावर आणि घराबाहेर ओढायची. दुधातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. सिगारेट ओढणाऱ्याने बाळाला आपल्या अंथरुणात झोपवायचे नाही, कारण झोपेत अचानक दगावण्याचा धोका त्याने वाढतो. ही शेवटची सूचना नवऱ्यालाही लागू होती, म्हणून पाळणा आमच्या पलंगाशेजारी आला.

घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर अजूनही ‘व्यसन : नाही’ असेच छापलेले होते. मी पेनाने ते खोडून ‘होते’ लिहिले आणि काउंटरवरच्या त्याच बाईंकडून त्यावर शिक्का मारून घेतला.