आमची वाटचाल: पोट बिघडल्याची तक्रार आणि आम्ही लिहिलेलं उत्तर

आईने १९९७ साली सांगलीत कॉलेजच्या मुलांचे डबे भरायला सुरुवात केली. डब्यांची खानावळ झाली आणि २०१२ पासून चाळीस माणसं एका वेळी बसतील असा थाळीचा हॉल आहे. डब्यांच्या काळात कुणाचं पोट बिघडलं तर मुलगा रिकामा डबा परत करताना आईच्या कानावर घालायचा, आणि आई त्याला ताकभात द्यायची. आता तक्रार ईमेलने येते, तिच्यात 'तुम्ही जबाबदार' असं लिहिलेलं असतं, आणि आपण दिलेलं उत्तर उद्या ग्राहक आयोगासमोर वाचलं जाऊ शकतं. अशा एका उत्तराबद्दल सविस्तर लिहितो. ग्राहकाची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

उन्हाळ्यातल्या एका सोमवारी संध्याकाळी मेल आला. रविवारी दुपारी कुटुंबातले चौघे आमच्याकडे जेवले. संध्याकाळी सहाच्या सुमारास वडील आणि मुलगी दोघांना उलट्या सुरू झाल्या, रात्री जुलाब. मुलीला सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी 'अन्नातून विषबाधा' असं सांगितलं, तेव्हा खर्च भरून द्या, नाहीतर अन्न व औषध प्रशासनाकडे जातो, असा मजकूर होता.

मी आधी फोन केला. त्यात फक्त विचारपूस: मुलगी कशी आहे, घरी आली का, काही पोटात राहतंय का. का झालं, कशाने झालं यावर एक शब्दही काढला नाही. घाबरलेल्या बापाशी फोनवर वाद घालायचा नसतो, आणि बोलण्याच्या भरात 'आमचंच काहीतरी चुकलं असेल' असंही म्हणायचं नसतं, कारण तेव्हा खरं काय ते आपल्याला माहीतच नसतं.

मग पुरावा जपायचा. आमच्याकडे रोज बाराला, वाढायला सुरुवात होण्याआधी, प्रत्येक पदार्थाचा साधारण दीडशे ग्रॅम नमुना उकळत्या पाण्यातून काढलेल्या डब्यात भरून तीन दिवस फ्रिजमध्ये राहतो. रविवारचे डबे बुधवारी टाकले गेले असते. ते वेगळ्या कप्प्यात ठेवून चिठ्ठी लावली. सीसीटीव्हीचं मशीन जुनं चित्रण पुसून त्यावर नवं घेतं, म्हणून रविवारची प्रत काढली. तापमानाच्या वहीच्या पानांचे फोटो घेतले. त्याच रात्री विमा एजंटला कळवलं. दायित्वाच्या बहुतेक पॉलिसींमध्ये अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही आणि पैसे देऊ असं वचनही द्यायचं नाही. ही अट मोडली तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि मग खरोखर आपल्याच अन्नामुळे कुणी आजारी पडलं असेल तर त्याला द्यायची भरपाईही अडते.

मंगळवारी दुपारी पत्र पाठवलं. ते असं होतं:

सप्रेम नमस्कार.

रविवारी आमच्याकडे जेवल्यानंतर आपल्याला व आपल्या मुलीला उलट्या-जुलाबाचा त्रास झाल्याचे आपले पत्र काल संध्याकाळी मिळाले. मुलीला सलाईन लावावे लागले हे वाचून वाईट वाटले. ती घरी आली आहे व पेज घेते आहे असे आपण फोनवर सांगितलेत. दोघांनाही लवकर बरे वाटो.

आमच्या नोंदीनुसार आपले चार थाळ्यांचे बिल दुपारी १.४८ वाजता झाले. त्या दिवशी मसालेभाताचे पहिले पातेले ११.२० ला व दुसरे १२.५० ला उतरले. गरम ठेवलेल्या भाताचे तापमान १२, १ आणि २ वाजता अनुक्रमे ७१, ६८ व ६६ अंश सेल्सिअस नोंदले आहे. बासुंदी १२.४५ ला फ्रिजमधून वाढण्यासाठी काढली, तेव्हा ती ५ अंशांवर होती. त्यानंतर प्रत्येक भांडे किती वेळ बाहेर होते याची वेगळी नोंद नाही. आज दुपारपर्यंत त्या दिवशीच्या जेवणाबद्दल आमच्याकडे दुसरी तक्रार आलेली नाही. मात्र एवढ्यावरून आम्ही कोणताही निष्कर्ष काढत नाही.

मसालेभात, बासुंदी, मठ्ठा व कोशिंबीर यांचे राखून ठेवलेले नमुने आज सकाळी बर्फाच्या पेटीतून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवले. निकाल काहीही असो, अहवालाची प्रत आपल्याला देऊ.

शक्य असल्यास पुढील माहिती कळवावी: चौघांपैकी कुणी कोणते पदार्थ घेतले, पहिला त्रास कुणाला व किती वाजता झाला, शनिवार सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत आपण दोघांनी आणखी काय व कुठे खाल्ले. डॉक्टरांच्या कागदाची व शौचतपासणी झाली असल्यास तिच्या अहवालाची प्रत मिळाल्यास कारण शोधायला मदत होईल. ही माहिती देणे आपल्यावर बंधनकारक नाही आणि त्यावाचून आमची चौकशी थांबणार नाही.

त्रासाचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. त्यामुळे हे पत्र म्हणजे जबाबदारीची कबुली नाही, तसेच आपली तक्रार नाकारणेही नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्याचा आपला हक्क आहेच; त्यांनी मागितल्यास सर्व नोंदी आम्ही देऊ. या विषयावर आपल्याशी मी स्वतःच बोलेन.

आपला,
(सही)

वकिलांनी मसुदा पाहिला तेव्हा बासुंदीच्या नोंदीबद्दलचं वाक्य काढून टाका म्हणाले. मी ते राहू दिलं. वही तपासायला कुणी आलं तर ती जागा कोरी दिसणारच. तोवर आपण गप्प राहिलेलो असलो तर लपवाछपवी केल्यासारखं होतं, आणि मग वहीतल्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

'दुसरी तक्रार आलेली नाही' हे वाक्य या धंद्यात सगळे लिहितात, पण बहुतेक जण पुढे 'म्हणजे आमचं अन्न चांगलंच होतं' असं जोडतात. ते टिकत नाही. पोट बिघडलेले बरेच लोक घरीच ओआरएस घेऊन गप्प राहतात, हॉटेलला कळवत नाहीत. शिवाय एखाद्याच वाडग्यातली बासुंदी उष्ण हवेत जास्त वेळ राहिली असेल तर त्या वाडग्यातून वाढलेल्या दोन-तीन टेबलांनाच बाधा होऊ शकते.

वेळेचा मुद्दाही आम्हाला ढाल म्हणून वापरता येत नव्हता. स्टॅफिलोकोकसच्या विषामुळे होणारा त्रास अर्ध्या तासापासून आठ तासांत सुरू होतो. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसच्या उलट्या आणणाऱ्या विषाचा त्रास अर्ध्या तासापासून सहा तासांत दिसतो. या जंतूचे बीजाणू भात शिजवला तरी जिवंत राहतात, आणि शिजलेला भात कोमट ठेवला की वाढायला लागतात, म्हणून भात ६० अंशांच्या वर ठेवायचा. पावणेदोनच्या आत जेवण आणि सहाला उलट्या, म्हणजे मध्ये सव्वाचार तासांहून थोडा अधिक वेळ, दोन्हींत बसतो. 'आमचा संबंध असणं शक्यच नाही' असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. आणि कारणाचा आपला अंदाज पत्रात घातला असता, तर डॉक्टर नसताना निदान केल्यासारखं झालं असतं.

पैशांचा उल्लेख पहिल्या पत्रात मुद्दाम नव्हता. तपासाआधीच पैसे पुढे केले की समोरच्याला तोंड बंद करण्याचा प्रयत्न वाटतो, आणि विम्याची अट आहेच.

त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं, सगळं नीट लिहिलेलं. आजींनी बासुंदी घेतलीच नव्हती. आईने सगळं थोडं थोडं घेतलं होतं. वडील आणि मुलीने बासुंदीच्या दोन-दोन वाट्या घेतल्या होत्या. शौचतपासणी झालेली नव्हती, आणि प्रतिजैविक सुरू झाल्यावर तिचा उपयोगही कमी होतो. त्यांनी हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं की शनिवारी रात्री वडील आणि मुलगी हे दोघेच एका वास्तुशांतीला जेवले होते.

हे वाचून आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आमचे आचारी म्हणाले, "झालं, वास्तुशांतीचंच ते." मला ते मान्य नव्हतं. शनिवारी रात्रीचं जेवण आणि रविवारचे सहा यांत वीस-एकवीस तास जातात, आणि एवढ्या अंतराने त्रास देणारेही जंतू आणि विषाणू आहेत, हे खरं. पण बासुंदीच्या दोन वाट्याही त्याच दोघांनी खाल्ल्या होत्या. दोन्ही शक्यता उभ्या होत्या.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. चारही नमुन्यांत साल्मोनेला नव्हता, स्टॅफिलोकोकस आणि बॅसिलस सेरियस मर्यादेच्या आत होते. तो जसाच्या तसा पाठवला आणि सोबतच्या दुसऱ्या पत्रात त्याची मर्यादाही लिहिली: नमुना बाराला, सकाळच्या पातेल्यातून काढलेला आहे. तो त्या पातेल्याबद्दल सांगतो, दीड वाजता टेबलावर पोचलेल्या वाटीबद्दल नाही. तपासणी जंतूंची झाली, विषाची नाही, आणि स्टॅफिलोकोकसचं विष जंतू मेल्यावरही शिल्लक राहू शकतं. म्हणून पत्रातलं मुख्य वाक्य एवढंच ठेवलं: 'उपलब्ध माहितीवरून त्रासाचे कारण निश्चित करता आलेले नाही.' वास्तुशांतीचा उल्लेख त्या पत्रात केला नाही. त्यांनी विश्वासाने दिलेली माहिती त्यांच्यावरच उलटवण्यात अर्थ नव्हता.

विमा कंपनीची लेखी संमती घेऊन त्याच पत्रात थाळ्यांचे पैसे परत देऊ केले. रिव्ह्यू काढा, तक्रार मागे घ्या, अशी कोणतीही अट घातली नाही. हा परतावा सदिच्छा म्हणून आहे, कारण मान्य केल्याची खूण नव्हे, असं स्पष्ट लिहिलं. दवाखान्याच्या खर्चासाठी दावा करायचा असल्यास कागद कुठे पाठवायचे तेही कळवलं. त्यांनी थाळ्यांचे पैसे घेतले, दवाखान्याचा दावा केला नाही आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची शिक्क्यासह प्रत मागितली. ती पोस्टाने पाठवली.

तेव्हापासून बासुंदी, श्रीखंड, मठ्ठा लहान भांड्यांतून बाहेर येतात, भांड्यावर खडूने वेळ लिहिली जाते आणि तासाभराने उरलेलं परत वाढलं जात नाही. नमुना बाराला एकदा आणि वाढणं संपताना पुन्हा एकदा काढतो, दुसरा थेट वाढायच्या भांड्यातून. त्या तक्रारीची फाईल, दोन्ही पत्रं, वहीची पानं, चित्रण आणि अहवाल एकत्र बांधून ठेवले आहेत. ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, तोवर त्यातलं काही हलवत नाही.