"स्त्रीवाद का नाही?" – माझ्या व्हायवातला अर्धा तास

प्रबंध जमा करणं, रेफ्रींचे अहवाल, तारीख मिळणं, हे सगळं पार पडलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते एका प्रश्नाबद्दल. त्या प्रश्नाने माझा अर्धा तास घेतला, आणि त्याची तयारी माझ्याकडून कुणीच करून घेतली नव्हती याचा राग अजून गेलेला नाही.

माझा विषय बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांची शैली. मी फैजपूरकडची, घरात लेवा बोली, त्यामुळे ही गाणी आधी कानाने आली, पुस्तक नंतर आलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला आणि विचारलं, "मॅडम, बाई, चूल, माहेर, वैधव्य, सगळं या गाण्यांत आहे. मग स्त्रीवादी समीक्षा सोडून शैलीविज्ञान का घेतलं?"

मी म्हणाले, "सर, स्त्रीवादी अंगाने बरंच काम झालंय."

"म्हणजे उद्या शैलीवर कुणी काम केलं की तुमचा प्रबंध संपला?"

यावर मला काही सुचेना. तुम्ही हे उत्तर देऊ नका. आधी किती काम झालंय यावरून विषय निवडता येतो, पद्धत नाही. पद्धत ठरते ती आपण संहितेला काय विचारतो त्यावरून. माझा प्रश्न होता: लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने ही गाणी डोक्यात कशी रचली आणि कशी धरून ठेवली? हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवं होतं. मी ते सांगितलं पाणी पिऊन झाल्यावर.

मग मी दोन ओळी घेतल्या, "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर." टेबलावर बोट ठेवत अक्षरं मोजून दाखवली. म-न-व-ढा-य-व-ढा-य, आठ. दुसऱ्या ओळीतही आठ. एक "वढाय" काढा, पाचच उरतात आणि चाल मोडते. म्हणजे ती द्विरुक्ती भावनेचा जोर तर आहेच, पण ती ओळ भरूनही काढते. हात कामात असताना गाणं तोंडात टिकतं ते याच्या आधाराने. माझ्या प्रश्नाला इथे स्त्रीवादी वाचनापेक्षा शैली जास्त उत्तर देते.

"आणि 'अरे संसार संसार'?" सरांनी विचारलं.

इथे मी खरं तेच बोलले. तिथेही आठ-आठ अक्षरं बसतात, पण चटका हातालाच का, आणि भाकरीच्या आधी का, हे माझी पद्धत सांगू शकत नाही. ते स्त्रीवादी वाचनच सांगेल. एवढं म्हटल्यावर सरांचा आवाज मऊ झाला. आपल्या पद्धतीला काय दिसत नाही हे उदाहरणासह सांगता आलं की निवड विचारपूर्वक केली आहे हे परीक्षकाला कळतं.

पण खरा पेच पुढेच होता. "ही गाणी बाईंनी लिहिली नाहीत. मुलाने आणि नातलगाने लिहून घेतली, पुस्तक आलं १९५२ मध्ये, बाई गेल्यावर. मग ही शैली बाईंची की लिहून घेणाऱ्यांची?"

शैलीवर काम करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि माझ्या प्रबंधात त्यावर एक परिच्छेदही नव्हता. मला आठवली आजी. ती "अरे संसार"मधलं "मियते भाकर" म्हणते, काही छापील प्रतींत "मिळते" दिसतं. मी म्हणाले, "सर, उच्चार लिहिणाऱ्याच्या हातून बदलू शकतो, म्हणून उच्चारावर मी कुठलाही निष्कर्ष उभा केलेला नाही. पण मियते म्हणा की मिळते, अक्षरं तीनच राहतात. आठ अक्षरांचा साचा आणि ढोर-पिकांवर, चुल्ह्यावर-भाकर असं यमक बदलायचं तर अख्खं कडवं पाडून पुन्हा बांधावं लागेल. एखाद्या गाण्यात कुणी ते केलंही असेल, ते मी नाकारत नाही. म्हणून एकट्या गाण्यावरून काही म्हणत नाही, गाण्यांमागून गाण्यांत जे परत येतं तेवढंच बाईंचं धरते."

सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे प्रबंधात का नाही?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण त्या क्षणी वाटलेला अभिमान मी लपवणार नाही. आजीचा उच्चार तिथे पुरावा म्हणून उभा राहिला होता.

एक राहिलंच. नाकारलेल्या पद्धतीने आपल्याच संहितेतली एक कविता घरी पूर्ण वाचून दोन पानं लिहून ठेवा. मी ते व्हायवानंतर केलं, "अरे संसार" घेऊन, आणि कळलं की आधी केलं असतं तर पहिलं उत्तर तोंडातून निघालंच नसतं. संहितेच्या प्रतीत त्या ओळींना चिठ्ठ्याही लावा, कारण ऐनवेळी पान सापडत नाही. माझं सापडलं नाही, म्हणून मी पाठ म्हणून दाखवलं.

दुरुस्तीत लिहून घेण्याच्या प्रश्नावर तीन पानं जोडायला सांगितली. ती मी आठवड्यात दिली. पहिल्या पानावर "मियते" आणि "मिळते" शेजारी शेजारी छापलेत.