ओळ तुटायच्या जागी \n

आज शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या. सोसायटीचा मेसेज होता:

```
प्रिय सभासद,\n\nउद्या सकाळी १० ते १ पाणी बंद राहील.\n\nआभार.
```

“अगं, हे मधेमधे काय आलंय? खोटा मेसेज तर नाही ना?”

आपल्याला नवी ओळ हवी असली की आपण एंटर दाबतो, बॅकस्लॅश आणि n टाइप करत बसत नाही. शिवाय इथे ती खूण नेमकी परिच्छेद सुटायला हवा तिथेच होती. म्हणजे मेसेज प्रोग्रामच्या हातून आला होता.

प्रोग्राम एकमेकांना मजकूर देतात तो बऱ्याचदा JSON या मांडणीत. तिथे अवतरणचिन्हांच्या आत खरी नवी ओळ चालत नाही, म्हणून तिच्याऐवजी \n लिहितात आणि घेणारा प्रोग्राम वाचताना त्याची पुन्हा ओळ करतो. गडबड होते ती हे रूपांतर दोनदा झालं की. पहिल्या प्रोग्रामने \n केलेलं असतं. दुसरा ते न ओळखता त्यातल्या बॅकस्लॅशलाही बॅकस्लॅश लावतो:

```
राहील.\nआभार
राहील.\\nआभार
```

उलगडा मात्र एकदाच होतो, आणि \n वाचणाऱ्याच्या पुढ्यात तसाच उरतो. कधीकधी मेसेजच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हंही राहून जातात, तीही याचीच खूण.

मराठीला हा घोळ जास्त महागात पडतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली, मजकूर JSON मध्ये बदलणारी `json.dumps` ही आज्ञा मुद्दाम सांगितलं नाही तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह \u आणि चार अंकाक्षरांत लिहिते. दोनदा रूपांतर झालं तर ‘नमस्कार’ असा पोचतो:

```
\u0928\u092e\u0938\u094d\u0915\u093e\u0930
```

इंग्रजी मेसेजमध्ये दोनचार \n खुपतात, पण वाचता येतं. आपला अख्खा मजकूरच जातो. मला याचा मनापासून राग येतो, कारण पाठवण्याआधी एकदा मराठीत करून पाहिलं असतं तर हे लगेच दिसलं असतं.

काकूंना सांगितलं, यावरून मेसेज खोटा ठरत नाही. शब्द सेक्रेटरींनीच लिहिलेले असतील, फक्त शेकडो सभासदांना एकदम पाठवणाऱ्या यंत्रणेतून ते आले. आणि फसवणारेही प्रोग्रामच वापरतात, त्यामुळे \n नसलेला मेसेजही आपोआप खरा होत नाही. पैसे किंवा ओटीपी मागितला असेल तर सरळ फोन करून विचारायचं.

रात्री सेक्रेटरींना लिहिलं की यंत्रणा सांभाळणाऱ्यांना कळवा: रूपांतर फक्त शेवटी, बाहेर पाठवताना, एकदाच करा. आलेल्या प्रत्येक \n च्या जागी ओळ घालणारा तात्पुरता उपाय करू नका. उद्या कुणी `C:\new` असा फोल्डरचा पत्ता पाठवला, तर तोही मधेच तुटेल.