मावशीची सही पार्लरमध्ये चालत नाही

माझी 16 वर्षांची भाची अकरावीसाठी परभणीहून लातूरला येऊन माझ्याकडे राहते. कॉलेजच्या अर्जापासून शिकवणीच्या रजेच्या चिठ्ठीपर्यंत सगळीकडे स्थानिक पालक म्हणून माझीच सही चालत असल्याने, तिच्या केसांना रंग लावायला पार्लरमध्ये गेलो तेव्हा तिथेही ती चालेल, असे मी गृहीत धरले होते.

आधार कार्डावरची जन्मतारीख पाहून पार्लरच्या बाईंनी संमतिपत्र पुढे केले आणि सही आई किंवा वडिलांचीच लागेल, असे सांगितले. कायद्याने अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो आणि 1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीने केलेला करार टिकत नाही, म्हणून रंग, स्मूदनिंग अशा रासायनिक कामांसाठी त्यांनी हा नियम ठेवला होता. बहिणीने सही करून फोटो पाठवला, तर सही कोणी केली हे कसे कळणार, असा प्रश्न आला. मी तिथे बराच वाद घालत बसले, हे कबूल केले पाहिजे.

शेवटी रविवारी बहीण एसटीने आली. सही करण्यापूर्वी तिने कागद वाचला आणि एका प्रश्नावर तिचे पेन थांबले: पूर्वी केसांचा रंग किंवा काळी मेंदी लावल्यावर खाज, सूज, फोड आले होते का?

“अक्का, हिच्या काकाच्या लग्नात काळी मेंदी लावली होती, तेव्हा हातभर फोड आले होते की!” ती म्हणाली. मला यातले काहीच ठाऊक नव्हते आणि भाचीला तो प्रकार रंगाशी संबंधित वाटला नव्हता.

बाईंनी कागद मिटून ठेवला. त्या काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते, तेच बहुतेक कायमच्या गडद रंगांतही असते आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते, असे त्यांनी समजावले. एरवी त्या कानामागे थोडा रंग लावून 48 तास वाट पाहतात. हिच्या बाबतीत मात्र त्यांनी ती चाचणीही नाकारली, कारण आधीच फोड येऊन गेलेल्या कातडीवर तोच पदार्थ पुन्हा लावणे धोक्याचे असते.

नियमाबद्दल आता माझी तक्रार नाही, पण पहिल्याच दिवशी कोरे संमतिपत्र घरी दिले असते, तर हा प्रश्न फोनवरच सुटला असता आणि बहिणीचा हेलपाटा वाचला असता. म्हणून तारीख ठरवण्याआधी तो कागद मागून घ्यावा आणि मुलीच्या आईला वाचून दाखवावा. चाचणीचे दोन दिवसही आधीच धरावेत. लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही.

भाची रुसली होती, म्हणून नुसते केस कापून घेतले. त्याला कोणाचीच सही लागली नाही.